तीन वर्षांच्या वहीतून पुढचे वर्ष

मंडळी, आंबागडला येताना किल्ल्याकडे पाहत आलो. पण आज बोलायचे आहे ते किल्ल्याविषयी नाही, ग्रामपंचायतीच्या एका कागदाविषयी. नमुना 1, म्हणजे अर्थसंकल्प. दर हिवाळ्यात तो तयार होतो, ग्रामसभेत वाचला जातो आणि बहुतेक वेळा कोणी काही विचारत नाही. हिशेबाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली. या कागदात काय चुकते ते मी जवळून पाहिले आहे, म्हणून तुमच्यासमोर उभा आहे.

पुढच्या वर्षाचा आकडा कुठून येतो? अनेक ठिकाणी चालू वर्षाच्या अर्थसंकल्पात दहा टक्के वाढ धरतात. तो आकडाही असाच आदल्या वर्षावरून आलेला असतो. म्हणजे अंदाजावर अंदाज रचला जातो आणि प्रत्यक्षात पैसा किती गेला हे त्या साखळीत कुठेच येत नाही. म्हणून मागच्या तीन पूर्ण वर्षांचा प्रत्यक्ष खर्च समोर ठेवायचा. एकच वर्ष घेतले तर ते अपवादाचे निघू शकते. दहा वर्षे मागे गेलो तर दर, माणसे, योजना सगळेच बदललेले असते.

पण तीन आकड्यांची बेरीज करून तीनने भागले की काम झाले, असे समजू नका. एक उदाहरण सविस्तर पाहू. आकडे समजावण्यासाठी मी बसवले आहेत, कोणत्याही खऱ्या गावाचे नाहीत.

एका गावाचे नळयोजनेचे वीजबिल. रोकडवहीत, म्हणजे नमुना 5 मध्ये, पहिल्या वर्षी 96,000 रुपये, दुसऱ्या वर्षी 41,000 आणि तिसऱ्या वर्षी 1,87,000 रुपये खर्ची पडले आहेत. सरासरी येते 1,08,000. तिसऱ्या वर्षावर दहा टक्के चढवले तर 2,05,700. या दोनपैकी कोणता आकडा लिहाल?

दोन्ही चूक आहेत, आणि कारण वहीच्या स्वभावात आहे. रोकडवही पैसा कधी दिला ते सांगते. बिल कोणत्या महिन्याचे होते, ते ती सांगत नाही. त्यासाठी प्रमाणके काढावी लागतात. त्यांना जोडलेली बिले महिन्यांप्रमाणे लावली की गोष्ट उलगडते. दुसऱ्या वर्षी विजेचा खर्च खरा 98,000 चा होता, पण पंचायतीने पाचच महिन्यांची बिले भरली. सात महिन्यांचे 57,000 थकले. ते तिसऱ्या वर्षी भरले, वर थकबाकीचे 6,000 आकार आणि व्याज गेले. उरलेल्या 1,24,000 पैकी जुन्या पंपाचे एक लाख, आणि ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या विहिरीवर नवा पंप बसला त्याचे सहा महिन्यांचे 24,000.

आता जुना पंप पाहा. 96, 98, 100 हजार. वहीत उड्या मारणारा खर्च प्रत्यक्षात शांतपणे चालला होता. बिलावरची युनिटे तीनही वर्षे जवळपास तेवढीच आहेत, म्हणजे वाढ वापराची नाही, दराची आहे. युनिट आणि दर वेगळे करून पाहण्याची ही सवय फार उपयोगी पडते, कारण वापर आपल्या हातात असतो आणि दर नसतो.

नवा पंप आता वर्षभर चालणार, म्हणून त्याचे 48,000. दोन्ही मिळून 1,48,000. हा पाया. तो खरा आहे का, हे चालू वर्ष सांगते. डिसेंबरअखेर नऊ महिन्यांची दोन्ही पंपांची बिले 1,11,000 झाली असतील, तर बारा महिन्यांचे बरोबर 1,48,000 होतात. पाया पक्का. त्यावर दरवाढीचे तीन टक्के धरले की 1,52,440 येतात, आपण 1,53,000 लिहू. नुसती सरासरी 45,000 नी कमी पडली असती, दहा टक्क्यांची वाढ 52,700 नी जास्त झाली असती.

नऊ महिन्यांवरून बारा महिने काढणे विजेला चालते, सगळ्याला चालत नाही. घरपट्टीची वसुली जानेवारी ते मार्चमध्ये जोर धरते, कामांची देयके मार्चमध्ये उरकली जातात. अशा बाबींत नऊ महिन्यांचे प्रत्यक्ष घ्यायचे आणि राहिलेल्या तीन महिन्यांसाठी मागच्या वर्षीचे तेच तीन महिने पाहायचे. सरकारी खात्यांतले आठमाही सुधारित अंदाज याच विचाराने होतात.

दुसरी अडचण अपवादाच्या वर्षाची. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या धरणांतून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला आलेला पूर आपल्या जिल्ह्याने पाहिला. नदीकाठच्या गावाच्या तीन वर्षांत असे वर्ष आले, तर ते पायातून वगळावे का? गाळ उपसणे, तात्पुरता निवारा हे वगळावे. पण टीसीएल पावडरवर जास्त खर्च झाला असेल तर थांबून विचार करा. कदाचित त्याच वर्षी पाणी नीट शुद्ध केले गेले, आणि बाकीच्या दोन वर्षांत काटकसर झाली. मागचा खर्च म्हणजे मागची गरज नव्हे. नाली उपसली नाही, म्हणून तिथे शून्य दिसते. तो शून्य पायात घेतला तर नाली पुढेही उपसली जाणार नाही. पायावर आधारलेल्या पद्धतीतला हा खरा दोष आहे, आणि महाराष्ट्राने 1986-87 मध्ये शून्याधारित अर्थसंकल्पाचा प्रयोग केला तो जुना खर्च आपोआप पुढे सरकू नये म्हणूनच. माझ्या मते दरवर्षी प्रत्येक बाब शून्यापासून मांडणे छोट्या पंचायतीला झेपत नाही. वर्षाला दोन-तीन बाबी तशा तपासाव्यात.

वित्त आयोगाच्या निधीला मात्र तीन वर्षांचा हा पाया लावू नका. पंधराव्या आयोगाचा काळ 2021-22 ते 2025-26. आयोग बदलला की रक्कम आणि बंधित-अबंधितचे प्रमाण बदलू शकते.

आता जमेकडे या, कारण वीजबिल का थकले याचे उत्तर तिथे आहे. याच गावाची चालू घरपट्टी तीन लाख आणि जुनी थकबाकी 1,80,000. अर्थसंकल्पात जमेला सगळे 4,80,000 धरले, कारण कर मागणी नोंदवहीत, नमुना 9 मध्ये, तेवढी मागणी आहे. तीन वर्षांची प्रत्यक्ष वसुली मात्र 1,95,000, 2,05,000 आणि दोन लाख. कागदावर जमाखर्च जुळला, म्हणून खर्चाची प्रत्येक बाब मंजूर झाली. पैसे आले नाहीत तेव्हा ज्याचा तगादा मोठा त्याला आधी मिळाले, आणि विजेची सात बिले टेबलाच्या खणात राहिली. सहा हजारांचा भुर्दंड तिथून आला.

म्हणून जमा वसुलीवरून धरा, मागणीवरून नाही. इथे सरासरी खरोखर चालते, दोन लाख. वसुली वाढवायचा निर्धार असेल तर जरूर करा, पण ती वाढ हाती येईपर्यंत तिच्यावर खर्च टाकू नका. आली की नमुना 2 मध्ये पुनर्विनियोजन करता येते.

यंदा ग्रामसभेत अर्थसंकल्प वाचला जाईल तेव्हा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एवढेच म्हणा: साहेब, प्रत्येक आकड्याशेजारी मागच्या तीन वर्षांचा नमुना 3 मधला आकडा वाचून दाखवा. जिथे चार आकडे एका रांगेत बसणार नाहीत, तिथले प्रमाणक मागा.