पाइप का वाजतो, नळाची धार का बारीक होते?



गावाचं पाणी सुटतं, स्लॅबवरची टाकी भरत येते आणि पाइप धाडधाड वाजायला लागतो. असं का होतं, ते आधी पाहू.

पाइपातून जोरात धावणाऱ्या पाण्याची वाट एकदम बंद झाली की ते धडकतं. टाकीत तरंगत्या चेंडूचा कॉक असतो. पाणी पडताना लाटा उठतात, चेंडू वरखाली होतो आणि कॉक सारखा उघडतो, मिटतो. दर वेळी एक ठोका बसतो. पाइप सैल असेल तर तो भिंतीवर आपटतो आणि हळूहळू सांधे गळू लागतात.

खात्री करायची तर पाइप वाजत असताना चेंडू हाताने स्थिर धरा. आवाज थांबला, तर दोष तिथेच आहे. मग टाकीत पाणी आणणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह थोडा थोडा आवळा आणि ठोके थांबले की तिथेच ठेवा. टाकी जरा उशिरा भरेल, एवढंच. सैल पाइपाला साधारण दोन-दोन हातांवर क्लॅम्प मारून घ्या. तरीही वाजला, तर कॉकचा वायसर झिजलेला असू शकतो, तो बदला.

इथे एक घोटाळा होतो. टाकीत येणाऱ्या पाइपाऐवजी टाकीतून घरात उतरणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह आवळला जातो. मग आवाज तसाच राहतो आणि घरातल्या सगळ्या नळांची धार बारीक होते.

धार कुठे अडते, हे बादलीने कळतं. समजा, दहा लिटरची बादली न्हाणीघरात एका मिनिटात भरते आणि स्वयंपाकघरात चार मिनिटं लागतात. म्हणजे टाकी ठीक आहे, अडथळा स्वयंपाकघराच्या नळाकडे आहे. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर बसला असेल, तर जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवून जुन्या ब्रशने घासा. जाळी काढूनही धार तेवढीच राहिली, तर कचरा नळात किंवा त्याच्या पाइपात आहे.

दोन्हीकडे सारखाच वेळ लागला, तर आधी उतरत्या पाइपाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का, ते बघा. मग टाकीच्या तळाचा गाळ बघा. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरल्यावर धार गेली असेल, तर पाइपात हवा अडकलेली असते. घरातला सगळ्यात खालचा नळ पूर्ण उघडा ठेवा. आधी फुसफुस होईल, मग धार सलग येईल.

हे सगळं ठीक असूनही वरच्या मजल्यावर धार बारीकच असेल, तर टाकीची उंची कमी पडते. टाकीतलं पाणी नळापेक्षा जितकं उंच, तितका जोर. टाकी उंच करता येते, पण पाचशे लिटर पाण्याचं वजन पाचशे किलो असतं. विटांच्या नुसत्या ढिगावर ती ठेवू नका, गवंड्याकडून पक्का ओटा बांधून घ्या.