हळदीचा डाग

गणपतीला दोन दिवस उरले होते. सदाशिव पेठेंतील वाड्याच्या मागल्या अंगणांत सुमी रडकुंडीला येऊन उभी होती. तिच्या हातांत चौरंगावर अंथरावयाचें पांढरें सुती वस्त्र होतें. त्याच्या कडेनें तिच्या आईनें तांबड्या दोऱ्याची वेल भरली होती. आई माघांत वारली. त्यानंतर तें वस्त्र आज प्रथमच पेटींतून निघालें होतें. जेवतांना तें मांडीवर घेऊन न्याहाळण्याचा मोह सुमीला आवरला नाहीं आणि त्यावर आमटी सांडली. कोणाला कळूं नये म्हणून तिनें साबण घासला, तों पिवळा डाग लालभडक झाला!

"आजी, आईच्या वेलीचा रंग फुटला ग!"

आजीनें कांहीं न बोलतां लिंबाचे दोन थेंब डागावर पिळले. लाली तत्काळ मावळून पिवळेपणा परत आला.

"दोऱ्याचा रंग असता तर असा पालटला असता का? ही हळद. साबणाच्या खारानें ती लाल होते. कुंकू नाहीं का हळदीचेंच करीत?"

"मग लिंबानें जाईल?"

"लिंब नुसती ओळख पटवतें. डाग नेतें तें ऊन."

परंतु आमटींत फोडणीचें तेलही होतें. तें निघाल्यावांचून उपाय आंतपर्यंत पोंचणार नव्हता. आजीनें दहाबारा रिठे बिया काढून तपेलीभर कोमट पाण्यांत घातले आणि तासाभरानें कुसकरले. त्या फेसानें तेल सुटलें. रिठ्यांत खार नसल्यामुळें हळद पुन्हां लाल झाली नाहीं. मग तिनें वस्त्र दोनतीन पाण्यांतून काढलें. लिंबाचा आंबटपणा सुतांत राहून वाळला तर सूत कुजतें, हें ती जाणून होती.

आतां खरी अडचण वेलीची होती. जें ऊन हळद उडवील, तेंच तांबड्या दोऱ्यालाही फिकें करील. आजीनें जुन्या काळ्या लुगड्याची पट्टी फाडली आणि सुमीकडून ती वेलीवर दोन्ही अंगांनीं धांवदोऱ्यानें टांचून घेतली. उघडा राहिला फक्त डाग.

"वाळूं द्यायचें नाहीं. ओलेपणीं हळद लवकर उडते. आणि हा प्रयोग सोवळ्याच्या रेशमावर करशील तर माझ्याशीं गांठ आहे!"

भाद्रपदाचें ऊन तें. घटकाभर पडे आणि ढग येत. सुमी तांब्या घेऊन दिवसभर अंगणांत बसून राहिली. सायंकाळीं डाग निम्मा उतरला होता. दुसऱ्या दिवशीं दोनप्रहरीं लख्ख ऊन पडलें, आणि चारच्या सुमारास जवळ नेऊन पाहिल्यावांचून कांहीं दिसेना.

तिनें पट्टीचे टांके एकेक करून उसवले. वेल होती तशी तांबडी होती. एका पानाशीं मात्र दोऱ्याची गांठ सुटत आली होती.

"ही मी घालूं?" तिनें विचारलें.

आजीनें सुई ओंवून तिच्या हातीं दिली.