स्कर्टची चेन फुगते ती का?

ठाणे, कल्याण-डोंबिवलीत शिवणाच्या सामानाच्या दुकानात ‘कन्सील चेन’ मागितली की लपणारी चेन मिळते. स्कर्टला सात इंचांची उघडी जागा हवी असेल, तर चेन नऊ इंचांची घ्या.

कमरेपाशी चेन फुगते, कारण नितंबाच्या वळणावर कापड तिरपं असतं. शिवताना ते ताणलं जातं, चेनची पट्टी मात्र ताणली जात नाही. म्हणून दोन्ही कडांना आतून इंचभर रुंद फ्युजिंग पट्टी इस्त्रीने चिकटवा. चेनचे दातही कोमट इस्त्रीने उलगडून घ्या. आधी कच्चा टाका घाला, चेन लावून बघा आणि मगच मशीनवर शिवा. कापड ओढू नका.

खालच्या टोकाचा फुगा वेगळ्या चुकीमुळे येतो. आपण बाजूची शिवण आधी मारतो आणि चेन नंतर कोंबतो. उलट करा. चेन लावा, मग एकबाजूचा फूट बसवून शिवण मारा. चेनची टीप संपते, त्याच्या पाव इंच वरून आणि दोराभर बाहेरून सुरुवात करा. उरलेलं टोक फक्त आतल्या मार्जिनला टाचा. ते स्कर्टच्या कापडात अडकलं, तर खळगा पडतोच.