डाव्या कुशीवर झोपणारे काका

मागच्या भागात आपण दम्याच्या पंपाबद्दल बोललो होतो, आणि त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: छातीत साठलेला कफ बाहेर काढायचा कसा? औषध सोडून काही आहे का? आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि आज एका पेशंटची गोष्ट सांगते. म्हणजे मुद्दा आपोआप कळेल.

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडचे एक काका, वय पंचावन्नच्या पुढे, घरची शेती. लहानपणी त्यांना मोठा न्यूमोनिया झाला होता. तेव्हापासून डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागातल्या श्वासनळ्या कायमच्या रुंद आणि सैल झाल्या. याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. टीबी, गोवर, डांग्या खोकला यांच्यानंतरही असं होतं. काका म्हणाले, "ताई, सकाळी उठलो की तासभर खोकतोय. बरगड्या दुखून येत्यात, पण बेडका काही सुटत नाही." थुंकीची टीबीसाठी तपासणी आधीच झाली होती, ती निगेटिव्ह होती. ही तपासणी झाल्याशिवाय मी कुणालाही कफ काढायला बसवत नाही, कारण जंतू घरभर उडतात.

मी सहज विचारलं, झोपता कसे? "डाव्या कुशीवर. उजवीकडं वळलं की लगेच ढास लागते, झोपच लागत नाही." मंडळी, सगळं उत्तर या एका वाक्यात होतं. ते नंतर सांगते.

आधी नळीच्या आत काय चालतं ते बघू. आपल्या श्वासनळ्यांना आतून बारीक केसांचं अस्तर असतं, सिलिया म्हणतात त्याला. सिलिया एका सेकंदात साधारण दहा-बारा वेळा हलतात आणि वरचा चिकट थर घशाकडे ढकलत राहतात. रोज हा कफ आपण नकळत गिळून टाकतो. काकांच्या त्या भागात हे अस्तरच खराब झालंय. त्यामुळे कफ वर सरकत नाही. साठतो, घट्ट होतो, त्यात जंतू वाढतात, सूज येते आणि नळी आणखी बिघडते. हे चक्र तोडायचं तर कफ बाहेरून हलवावा लागतो.

पहिलं साधन गुरुत्वाकर्षण. काकवीची बरणी उपडी केली तर काकवी लगेच पडत नाही. बरणी धरून ठेवावी लागते. कफाचंही तसंच. जो भाग भरलाय तो वर येईल असं झोपायचं आणि पंधरा मिनिटं थांबायचं. यालाच पोश्चरल ड्रेनेज म्हणतात. विल्यम एवर्ट नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी 1901 मध्ये याच आजारासाठी यावर लिहिलं होतं, म्हणजे पद्धत तशी जुनीच. आता काकांची कुशी आठवा. डावा भाग खाली ठेवून ते रात्रभर कफ तिथेच साठवत होते. उजव्या कुशीवर वळलं की डावा भाग वर यायचा, कफ मोठ्या नळीत ओघळायचा आणि ढास लागायची. त्यांना वाटायचं उजवी कुशी वाईट. खरं तर त्यांचं शरीरच कफ कसा निघतो ते दाखवत होतं!

पूर्वी यासाठी खाटेच्या पायथ्याखाली विटा लावून डोकं खाली करायचे. मी सहसा सपाटच झोपवते. डोकं खाली केलं की बीपी, हृदयाचा त्रास, पित्त वर येणं, धाप यांत गडबड होते, आणि सपाट झोपूनही बऱ्याच जणांचं काम भागतं.

दुसरं साधन म्हणजे हफिंग, आणि माझ्या मते खरी मजा यातच आहे. खोकताना आपण घसा बंद करतो, आत दाब वाढवतो आणि मग एकदम सोडतो. निरोगी नळीत हे छान चालतं. पण छाती दाबली की तो दाब नळीवर बाहेरूनही पडतो. नळीच्या आतला दाब मात्र तोंडाकडे येता येता कमी होत जातो. एका जागी आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो, आणि तिथून तोंडाच्या बाजूची नळी दबते. थोडी दबली तर फायदाच, कारण अरुंद जागेतून हवा जोरात धावते आणि भिंतीवरचा कफ खरवडून नेते. पण सैल नळीत जोरात खोकलात तर ती पार मिटते आणि कफ मागेच अडकतो. काकांचा एक तास असाच जात होता.

हफिंगमध्ये घसा उघडा ठेवायचा. चष्म्याच्या काचेवर वाफ धरायला आपण "हाऽऽ" करतो ना, तसं, जरा जोर लावून. हवा किती भरून घेतली यावर ती दबणारी जागा ठरते. फुफ्फुसात हवा कमी असेल तर ती जागा आत, लहान नळ्यांकडे सरकते. हवा जास्त असेल तर मोठ्या नळ्यांत राहते. म्हणून आधी मध्यम श्वास घेऊन लांब हफ, खोलातला कफ वर आणायला. तो वर आला की मोठा श्वास घेऊन छोटा, जोरकस हफ. 1979 मध्ये लंडनच्या प्रायर, वेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोश्चरल ड्रेनेजला याची जोड देऊन बघितली, तेव्हापासून हे जगभर शिकवतात.

काकांचा सकाळचा क्रम असा बसवला. चहाच्याही आधी, रिकाम्या पोटी, उजव्या कुशीवर. मिनिटभर पोटाने शांत श्वास. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक वेळी तीन सेकंद धरून. धरल्याने हवा आजूबाजूच्या वाटांनी अडलेल्या कफाच्या मागे पोचते, आणि मागून हवा असल्याशिवाय तो पुढे ढकलला जात नाही. मग पुन्हा शांत श्वास, आणि एक-दोन हफ. हाच फेरा परत परत, साधारण वीस मिनिटं. सलग दोन फेऱ्यांत हफ कोरडा वाजला की बस.

ऐकायचं काय? हफच्या सुरुवातीलाच घरघर आली तर कफ मोठ्या नळीत आहे, आता काढून टाका. शेवटी-शेवटी आली तर अजून खोल आहे. आणि शेवटी शिट्टी वाजली तर तुम्ही फार जोर लावताय, नळी मिटतेय.

पहिल्या आठवड्यात दोन चुका झाल्या. काकांनी मधला शांत श्वास गाळला आणि त्यांना गरगरायला लागलं. शिवाय पुतण्याने व्हिडिओ बघून पाठीवर जोरजोरात थापट्या मारल्या. थापट्यांनी थोडी मदत होते कधी कधी, पण हाडं ठिसूळ असतील किंवा थुंकीत रक्त असेल तर नकोच. थुंकीत ताजं रक्त आलं तर हे सगळंच थांबवून डॉक्टरांकडे जायचं.

आणि हो, हा उपाय प्रत्येक खोकल्यासाठी नाही. मोठ्या माणसाच्या साध्या न्यूमोनियात याचा फारसा फायदा दिसत नाही. तान्ह्या बाळाच्या ब्रॉन्किओलायटिसमध्येही नाही, उगाच बाळाला थोपटू नका.

काकांच्या झाकणाच्या डबीत पहिले काही दिवस कफ वाढलाच. घाबरून फोन आला. मी म्हटलं, साठा बाहेर येतोय, येऊ द्या. महिनाभराने सकाळचा तास वीस मिनिटांवर आला. नळ्या काही पूर्ववत झाल्या नाहीत, होणारही नाहीत. ते अजून डाव्या कुशीवरच झोपतात, फक्त पहाटे उजवीकडे वळतात आणि डबी जवळ ओढतात.