मोजणीदाराने जमीन मागितली तर



समजा, तुमच्या शेताची मोजणी ज्या सरकारी मोजणीदाराकडे आहे, तोच म्हणाला, "२० गुंठे मला विका, दाम रोख देतो, खत बायकोच्या नावे करू." पुरा दाम मिळाला म्हणून हा सौदा सरळ ठरत नाही. ज्याचे काम नोकराच्या हाती आहे त्याच्याशी जमिनीचा व्यवहार करावयाचा, तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे सरकारची मंजुरी आधी लागते. बायकोचे नाव घातल्याने नियम टळत नाही. गहाण, पट्टा, बक्षीसपत्र यांसही तो लागू आहे. म्हणून आधी मंजुरीचा हुकूम दाखवा म्हणावे. "मागाहून आणतो," म्हणाला, तर अंगठा उठवू नये. त्याच्या वरिष्ठांस लेखी कळवावे.