रिकाम्या स्ट्रिपांची पिशवी



मी निवासी डॉक्टर होतो तेव्हा एसटीत वाहक असलेले एक गृहस्थ आमच्या बाह्यरुग्ण विभागात आले. फुफ्फुसाच्या क्षयावर सहा महिने उपचार घेऊन ते बरे झाले होते. चार महिन्यांनी खोकला परतला, संध्याकाळचा ताप परतला आणि थुंकीत पुन्हा जंतू दिसले. मी पहिलंच वाक्य बोललो ते असं : "गोळ्या चुकवल्यात ना?" त्यावर ते काहीच बोलले नाहीत. त्यांच्या पत्नीने मात्र हातातली कापडी पिशवी टेबलावर उलटी केली. सहा महिन्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा तिने जपून ठेवल्या होत्या. काही आठवड्यांनी कल्चरचा अहवाल आला. परतलेला जंतू सगळ्या औषधांना पूर्वीइतकाच संवेदनशील होता. म्हणजे गोळ्याही चुकल्या नव्हत्या आणि जंतूही 'रेझिस्टंट' झाला नव्हता. मग आजार उलटला कसा? आज मला तुमच्याशी याच प्रश्नाविषयी बोलायचं आहे.

याचं उत्तर शोधायला १९४४ सालात मागे जावं लागतं. पेनिसिलिन तेव्हा नवं होतं. जोसेफ बिगर या जीवाणुशास्त्रज्ञाने स्टॅफिलोकॉकसच्या द्रवात पेनिसिलिन घातलं. गढूळ द्रव निवळला, पण पूर्ण निर्जंतुक झाला नाही. साधारण दहा लाखांत एक जंतू जिवंत राहिला. बिगरने हे वाचलेले जंतू पुन्हा वाढवले आणि त्यांच्या संततीवर तेच पेनिसिलिन वापरलं. संतती पहिल्यासारखीच मेली आणि पुन्हा दहा लाखांत एखादाच उरला. वाचण्याचा हा गुण मुलांकडे गेलाच नव्हता. या जंतूंना त्याने 'पर्सिस्टर' म्हटलं, म्हणजे तगून राहणारे.

पेनिसिलिन जंतूला मारतं ते तो आपली भिंत बांधत असताना. बांधकामच थांबलेलं असेल तर औषधाला बिघडवायला काही उरत नाही. २००४ मध्ये नताली बालबान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ई. कोलायच्या एकेका पेशीवर सूक्ष्मदर्शकाखाली नजर ठेवली. औषधातून वाचलेल्या पेशी औषध येण्याआधीपासूनच वाढायच्या थांबलेल्या होत्या. त्या जनुकांनी इतरांसारख्याच होत्या, फक्त त्या वेळी निजलेल्या होत्या. औषध निघून गेल्यावर त्या जाग्या झाल्या आणि विभागू लागल्या.

आता तीन शब्द नीट वेगळे करू, कारण वॉर्डात त्यांची सरमिसळ रोज होते. प्रतिरोध असलेला जंतू औषध असतानाही वाढतो. त्याला थांबवायला औषधाची मात्रा जास्त लागते, म्हणजे त्याची एमआयसी वाढते. सहनशील जंतू औषधात वाढत नाही, पण मरायला फार वेळ घेतो आणि त्याची सगळी वस्तीच सावकाश मरते. पर्सिस्टर हा त्याच सहनशीलतेचा छोटा अवतार आहे : बाकी सगळे झटपट मरतात आणि मूठभर मागे राहतात. प्रतिरोधात प्रश्न मात्रेचा असतो, उरलेल्या दोन्हींत वेळेचा.

आपली रोजची सेन्सिटिव्हिटी चाचणी वेळ मोजतच नाही, ही इथली खरी अडचण आहे. चकतीभोवती वाढ थांबली की आपण 'एस' लिहितो. त्या मोकळ्या वर्तुळात किती जंतू मेले आणि किती नुसते थांबले, हे चकती सांगत नाही. ते कळायला जंतूंच्या द्रवात एमआयसीच्या कितीतरी पट औषध घालून ठरावीक तासांनी नमुने काढावे लागतात, औषध धुऊन ते प्लेटवर पसरावे लागतात आणि वसाहती मोजाव्या लागतात. आलेख आधी सरळ कोसळला आणि मग आडवा झाला, तर ते पर्सिस्टर. पहिल्यापासूनच उतार मंद असेल तर ती सहनशीलता. रेघ पडलीच नाही किंवा वर चढली, तर प्रतिरोध. शेवटी बिगरची पडताळणी करायची : वाचलेल्यांना वाढवून तोच प्रयोग पुन्हा. तीच रेघ आली तर नवा प्रतिरोधी जंतू जन्मलेला नाही.

आता वाहकांच्या फुफ्फुसाकडे येऊ. क्षयाच्या एका पोकळीत दहा कोटी जंतू असू शकतात. दहा लाखांत एक हे बिगरचं प्रमाण दुसऱ्या जंतूचं आहे, पण नुसत्या अंदाजासाठी लावलं तरी शंभर उरतात. त्यातले काही चिजासारख्या मृत पेशींच्या लगद्यात, कमी प्राणवायूत, जवळजवळ न वाढता पडून असतात. उपचारात चार औषधं एकत्र देतो ती मुख्यतः प्रतिरोधासाठी, कारण एका औषधाला दाद न देणारा जंतू दुसऱ्याच्या तडाख्यात सापडतो. सहा महिने देतो ते तगून राहणाऱ्यांसाठी. वाढणाऱ्या जंतूंचा मोठा भाग पहिल्या काही आठवड्यांतच संपतो, बहुतेकांची थुंकी दोन महिन्यांत स्वच्छ होते, वजन वाढतं. रुग्ण विचारतो, "आता बरं वाटतंय, मग गोळ्या कशाला?" या प्रश्नाचं उत्तर त्या उरलेल्या निजलेल्यांत आहे.

१९५६ मध्ये कॉर्नेलमध्ये मॅक्यून आणि मॅकडरमॉट यांनी क्षयग्रस्त उंदरांना बारा आठवडे आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड दिलं. त्यानंतर अवयवांतून एकही जंतू वाढवता आला नाही. औषध बंद करून तीन महिने थांबल्यावर जवळपास एक तृतीयांश उंदरांत जंतू परतले. कल्चर निगेटिव्ह म्हणजे जंतू नाहीत असं नव्हे, हे इथे दिसलं. २०१४ साली हाच धडा माणसांत मिळाला. मॉक्सिफ्लॉक्सासिन घालून उपचार चार महिन्यांवर आणण्याच्या मोठ्या चाचणीत थुंकी नेहमीच्या उपचारापेक्षा लवकर स्वच्छ झाली, तरी औषध थांबल्यावर आजार जास्त जणांत उलटला. नेहमीच्या सहा महिन्यांत ९२ टक्के रुग्णांचा निकाल चांगला होता, तर चार महिन्यांच्या दोन गटांत ८५ आणि ८० टक्के. जंतू किती वेगाने कमी होतात यावरून शेवटचे किती तगतात हे ओळखता येत नाही. पुढे रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असलेला चार महिन्यांचा उपचार २०२१ मध्ये सहा महिन्यांच्या तोडीचा ठरला, म्हणजे सहा हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. औषधं बदलली की तो बदलतो.

यावरून प्रत्येक प्रतिजैविक लांबवत न्यावं असा अर्थ मात्र काढू नका. साध्या न्यूमोनियात उरलेल्या मूठभरांना शरीराच्या पांढऱ्या पेशी संपवतात, तिथे जास्त दिवसांनी फक्त प्रतिरोध पोसला जातो. काळजी करायची ती जंतू त्या पेशींपासून लपलेला असतो तिथे : क्षयाच्या लगद्यात, हाडात, बसवलेल्या कृत्रिम सांध्यावरच्या चिकट थरात. सांध्याच्या बाबतीत तर कित्येकदा सांधा काढावाच लागतो. आणि हे तगणारे निरुपद्रवीही नाहीत. २०१७ मध्ये बालबान यांच्याच गटाने दाखवलं की ई. कोलायला अँपिसिलिन मधूनमधून दिलं तर आधी सहनशीलता येते आणि तिच्या आडोशाने पुढे खरा प्रतिरोध रुजतो.

त्या वाहकांच्या बाबतीत शंका एकच उरली होती. त्यांना नव्याने दुसऱ्याच कुणाकडून लागण झाली असेल का? दोन्ही वेळच्या जंतूंचे जनुकीय ठसे जुळवले तरच ते सांगता येतं, आणि आमच्याकडे पहिला नमुना जपलेला नव्हता. त्यांना पुन्हा पूर्ण उपचार दिला आणि ते बरे झाले.

आज तुम्ही वैद्यकशास्त्राची पदवी घेताय, उद्यापासून तुमच्यासमोर असे रुग्ण बसतील. आजार उलटला की आधी कल्चर आणि संवेदनशीलता पाहा, शक्य तिथे जुना नमुना राखून ठेवा, औषध जंतूपर्यंत पोचत होतं का ते तपासा. गोळ्यांबद्दल जरूर विचारा, पण आरोप म्हणून नव्हे. क्षयाचा आजार उलटतो तो बहुतेकदा उपचार संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षात. तेव्हा 'बरा झाला' असा शिक्का मारताना त्याच कागदावर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहा, आणि त्या दिवशी रुग्ण आला नाही तर त्याला फोन करा.