खंडित दिवसांचा भरणा आणि प्रसिद्ध आकड्यांची अबाधितता



रोजचा अहवाल ज्या मूळ प्रणालीतून आकडे घेतो, ती काही काळ बंद पडली की अहवालात दिवस रिकामे राहतात. स्रोत पूर्ववत झाल्यावर ते दिवस मागाहून भरण्याच्या कामाला व्यवहारात बॅकफिल म्हणतात. या कामाची अट एकच असते: जो आकडा आधीच प्रसिद्ध झाला, बैठकीत वाचला गेला आणि ज्यावर निर्णयही झाले, तो गुपचूप बदलता कामा नये. ही अट नेमकी कोठे मोडते, हे एका उदाहरणावरून पाहणे उपयुक्त ठरेल.

समजा, विक्रीच्या अहवालाचा कार्यक्रम रोज रात्री एक वाजता चालून, स्रोताकडून दिवसभर येत राहिलेल्या नोंदींवरून आदल्या दिवसाच्या ऑर्डरी मोजतो, आणि स्रोत ११ मार्चच्या दुपारी दोनपासून १४ मार्चच्या सकाळी नऊपर्यंत बंद होता. १२ आणि १३ मार्च हे दिवस पूर्ण रिकामे आहेत, हे कोणाच्याही लक्षात येते. परंतु ११ आणि १४ मार्चच्या ओळी तक्त्यात असूनही अर्धवट आहेत, आणि कार्यक्रमाने रिकाम्या दिवसांसाठी शून्य लिहून ठेवले असेल, तर तेही दिवस भरलेलेच दिसतात. म्हणून गहाळ तारखा शोधण्याआधी खंडाच्या वेळा निश्चित कराव्या लागतात, आणि त्या वेळांना स्पर्श करणारा प्रत्येक दिवस संशयित धरावा लागतो.

यापुढची पायरी बहुधा वगळली जाते, आणि खरी फसगत तेथेच होते. भरणा करण्यापूर्वी ज्याचा आकडा निर्विवाद आहे असा एक दिवस, म्हणजे कसोटीचा दिवस, त्याच नव्या मार्गाने पुन्हा मोजून पाहावा. १० मार्चला अहवालात ८६० ऑर्डरी आहेत आणि आज मोजल्यावर त्या ८४६ भरतात, असे समजू. चौदा ऑर्डरी हरवलेल्या नसतात, तर त्या नंतर रद्द झालेल्या असतात. रात्रीच्या कार्यक्रमाने त्या रात्रीची स्थिती मोजली होती, तर स्रोत आजची स्थिती सांगत असतो. या मार्गाने १२ आणि १३ मार्च भरले, तर जुना आकडा न बदलताही शेजारचे दिवस वेगळ्या मापाने मोजलेले राहतात, आणि त्या दोन दिवसांत विक्री घटली असा खोटा निष्कर्ष निघतो. उपाय असा, की रद्द झाल्याची वेळ दुसऱ्या दिवशीच्या रात्री एकच्या नंतरची असेल, तर ती ऑर्डर मोजणीत धरावी आणि कसोटीचा दिवस पुन्हा ८६० येईपर्यंत पुढे जाऊ नये. स्रोत रद्द झाल्याची वेळ राखत नसेल, तर त्या रात्रीची स्थिती परत मिळत नाही. अशा वेळी मिळालेला आकडा स्पष्ट टिपेसह द्यावा, सरासरी प्रमाण लावून तो फुगवू नये, कारण तसा आकडा मोजलेला नसून रचलेला असतो.

भरणा आधी वेगळ्या कच्च्या तक्त्यात करून मगच मुख्य तक्त्यात घालावा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ते असे लिहिले जाते:

```sql
INSERT INTO daily_sales (day, branch, orders, batch)
SELECT day, branch, orders, 'backfill-1'
FROM staging_sales
WHERE day IN ('2025-03-12', '2025-03-13')
ON CONFLICT (day, branch) DO NOTHING;
```

शेवटच्या ओळीचा अर्थ असा, की त्या दिवसाची व शाखेची नोंद आधीच असेल तर तिला हात लावू नये. येथे स्तंभांची नावे देणे महत्त्वाचे आहे. ती न देता नुसते `ON CONFLICT DO NOTHING` लिहिले आणि तक्त्यावर अद्वितीयतेचे बंधन नसेल, तर जुन्या नोंदीशेजारी दुसरी नोंद मुकाट्याने बसते, तर नावे दिल्यास डेटाबेस चूक दाखवून थांबतो. मात्र हीच ओळ खोट्या शून्यांनाही संरक्षण देते, म्हणून ती शून्ये तपासून, जपून ठेवून आधी काढावी लागतात.

अर्धवट दिवसांचा प्रश्न वेगळा आहे. ११ मार्चचा ४१२ हा आकडा अपुरा असला तरी प्रसिद्ध झालेला आहे, त्यामुळे तो गुपचूप बदलणे गैर आणि तसाच ठेवणेही गैर. जुना आकडा, नवा आकडा, तारीख आणि कारण दुरुस्तीच्या स्वतंत्र तक्त्यात नोंदवून, वाचकांना कळवूनच तो सुधारावा.

बाकी आकडे हलले नाहीत, हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी भरण्यापूर्वी तक्त्याची प्रत काढून, भरल्यानंतर त्याच व्यवहारात, म्हणजे `COMMIT` करण्याआधी, खंडाबाहेरच्या सर्व नोंदी `EXCEPT` ने दोन्ही बाजूंनी ताडून पाहाव्यात. एकही फरक निघाला तर `ROLLBACK` करावे. नुसत्या बेरजा जुळवणे पुरेसे नाही, कारण एका शाखेतील वाढ दुसरीतील घट झाकते.

वरील आज्ञेतील `batch` हा स्तंभ बहुतेक तक्त्यांत नसतो, आणि त्यामुळे कोणती नोंद मागाहून भरली हे वर्षभराने कोणालाच सांगता येत नाही. सभासदांनी पुढचा खंड पडण्याची वाट न पाहता तो आपापल्या तक्त्यांत जोडून घ्यावा, अशी या व्यासपीठावरून विनंती आहे.